शिक्षण परिषदेतील वीस मिनिटे : गोवर आणि कांजिण्यांविषयी शिक्षकांशी बोलताना

बीड जिल्ह्यातील एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. २०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या भागातील शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे तेथील शिक्षकांच्या बैठकीत, गोवर आणि कांजिण्या लवकर कशा ओळखाव्यात व वर्गात त्यांचा प्रसार कसा रोखावा, यावर मला वीस मिनिटे बोलायचे होते. समोर बसणाऱ्यांपैकी अनेकांची नोकरी माझ्या वयाइतकी झालेली होती, त्यामुळे दडपण बरेच होते. असे व्याख्यान देण्याची वेळ ज्यांच्यावर येईल त्यांना, आणि खरे तर ते ऐकणाऱ्या शिक्षकांनाही उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव क्रमाने लिहीत आहे.

निमित्त कांजिण्यांचे होते. ६ जानेवारी, सोमवारी, आमच्या हद्दीतील एका प्राथमिक शाळेत चौथीच्या एका मुलाच्या पोटावर आणि पाठीवर पुरळ दिसले. वर्गशिक्षकांनी त्याला लगेच घरी पाठवले, आणि पुढचा आठवडा शांततेत गेल्यावर विषय संपला असे सर्वांनी धरले. २० तारखेच्या आठवड्यात मात्र त्याच वर्गातील मुले एकामागून एक गैरहजर राहू लागली. साथ नव्याने आली असे गावात बोलले जाऊ लागले, पण ती नवी नव्हती. कांजिण्यांचा संसर्ग झाल्यापासून पुरळ दिसेपर्यंत १० ते २१ दिवस जातात, बहुतेकांना १४ ते १६ दिवस लागतात. शिवाय पुरळ येण्याच्या एकदोन दिवस आधीपासूनच मूल आजार पसरवू शकते. म्हणजे त्या मुलाने शनिवारी आणि सोमवारी वर्गात ज्यांना संसर्ग दिला, त्यांची पाळी १४ ते २७ जानेवारीच्या दरम्यान येणार, हे ६ तारखेलाच कागदावर मांडता आले असते. ते कुणी शिक्षकांना सांगितलेले नव्हते. मी केंद्रप्रमुखांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "परिषदेत वीस मिनिटं देतो मॅडम, पण पत्र रीतसर येऊ द्या."

रीतसर पत्र म्हणजे माझा अर्ज प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे, त्यांच्या शिफारशीने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, आणि तेथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, प्रत केंद्रप्रमुखांना. पहिल्या खेपेला पत्र जावक क्रमांक नसल्यामुळे परत आले. दुसऱ्या खेपेला ते एका टेबलावर बराच काळ थांबले, कारण फेब्रुवारीत शिष्यवृत्ती परीक्षेची गडबड होती. अशा कामाला निघणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. पत्रात विषयासोबत "कालावधी २० मिनिटे, कोणताही खर्च अपेक्षित नाही" असे वाक्य घालावे, कारण खर्चाचा प्रश्न मिटला की सही लवकर होते; आणि पोच घेतलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी. अखेर २१ फेब्रुवारी, शुक्रवार, ही तारीख मिळाली.

मधल्या काळात मी मुद्दे काढले आणि ते फारच लांबले. आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी कागद वाचून त्यातला बहुतेक भाग खोडला. गोवरात पुरळ येण्याआधी गालाच्या आतल्या बाजूला बारीक पांढरे ठिपके दिसतात, ही माझ्या मते अतिशय महत्त्वाची माहिती होती. त्यांनी विचारले, "शिक्षकांनी तापलेल्या, खोकणाऱ्या मुलाच्या तोंडात डोकावून बघावं, असं तुला वाटतं का?" तो मुद्दा गेला. त्यांचे म्हणणे असे होते, की शिक्षकाने आजाराचे नाव ठरवण्याची गरज नाही; ताप आणि पुरळ एकत्र दिसले की मूल बाजूला बसवणे, त्याच दिवशी कळवणे आणि तारीख लिहून ठेवणे, एवढे झाले तरी पुष्कळ झाले. माझे सगळे व्याख्यान पुढे याच एका सूत्रावर उभे राहिले.

चित्रांचा प्रश्न वेगळाच निघाला. पुस्तकांतील बहुतेक छायाचित्रे गोऱ्या कातडीवरची असतात आणि त्यांत गोवराचे पुरळ लालभडक दिसते. आपल्याकडील सावळ्या मुलांच्या अंगावर ते तसे दिसत नाही. ते आजूबाजूच्या त्वचेपेक्षा थोडे गडद, तपकिरी झाक असलेले दिसते, आणि कधी डोळ्यांना कळण्याआधी हाताला खरखरीत लागते. म्हणून सावळ्या त्वचेवरील पुरळ दाखवणारी विभागाच्या जुन्या फलकांवरील चित्रे मी निवडली. गावातील मुलांचे फोटो मोबाइलमध्ये होते, पण पालकांच्या लेखी संमतीशिवाय ते दाखवायचे नाहीत असे मॅडमनी सांगितले, आणि ते योग्यच होते. तालुक्याला रंगीत छपाई एका पानाला पंधरा रुपये आणि लॅमिनेशनचे वेगळे वीस रुपये पडले. प्रत्येक शाळेला एक पान द्यायचे म्हणून चारशे-साडेचारशे रुपये खर्च झाला. परिषदेच्या शाळेत प्रोजेक्टर होता, पण वीज असेल याची खात्री नव्हती, तेव्हा छापील पाने नेणे बरे ठरते.

परिषदेच्या दिवशी माझी पाळी जेवणानंतर आली, म्हणजे सर्वांत अवघड वेळ. मी थेट जानेवारीतल्या चौथीच्या वर्गाच्या तारखा फळ्यावर लिहून सुरुवात केली, आणि आपल्याच केंद्रातील गोष्ट आहे हे कळताच लोक सावरून बसले.

दोन आजारांतील फरक मी क्रमावरून सांगितला. गोवरात आधी ताप येतो, आणि तो चांगला चढतो. त्याच्या जोडीला खोकला, वाहणारे नाक आणि लाल, पाणावलेले डोळे असतात. असे तीन-चार दिवस गेल्यावर पुरळ येते, तेही कानामागून आणि केसांच्या कडेने. अंगावर तांब्याने पाणी घेतले की ते जसे डोक्यावरून खाली उतरते, तसे हे पुरळ चेहऱ्यावरून छाती-पोटावर आणि मग हातापायांवर उतरते. ते सपाट असते, ठिपके एकमेकांत मिसळतात आणि त्यांत पाणी नसते. कांजिण्यांत मुलांना ताप बहुधा सौम्य असतो आणि तो पुरळासोबतच किंवा जेमतेम एखादा दिवस आधी येतो. सुरुवात पोट, पाठ, चेहरा येथून होते, खाज सुटते, आणि लाल ठिपक्याचा पाण्याचा फोड व फोडाची खपली होते. नवे फोड काही दिवस येतच राहतात, म्हणून एकाच मुलाच्या पाठीवर ठिपका, फोड आणि खपली हे तिन्ही एकाच वेळी दिसतात. ही तिन्ही रूपे एकत्र दिसणे ही कांजिण्यांची सर्वांत सोपी खूण आहे, आणि फोड केसांतही येतात हे लक्षात ठेवावे लागते.

येथे एका शिक्षकांनी रास्त शंका काढली. उन्हाळा लागला की निम्म्या वर्गाच्या मानेवर घामोळ्या असतात, मग रोज किती मुलांना घरी पाठवायचे? उत्तर असे, की घामोळ्यांत, खरजेत किंवा पित्ताच्या गांधींत सहसा ताप नसतो. मूल खेळते-खाते आहे आणि अंग गार आहे, तर घाई नाही. मात्र पाण्याचे फोड दिसले तर ताप नसला तरी कळवावे. सकाळच्या परिपाठात मुले समोर रांगेत उभी असतात, तेव्हा लाल डोळे, मलूल चेहरा आणि सततचा खोकला नजरेत येतो. त्यासाठी वेगळी तपासणी करावी लागत नाही.

प्रसाराच्या मुद्द्यावर मी अधिक वेळ घेतला. गोवराचा विषाणू हवेतून पसरतो, आणि आजारी मूल खोलीतून निघून गेल्यावरही तो तेथील हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. लस न घेतलेली आणि पूर्वी गोवर न झालेली दहा मुले अशा रुग्णाच्या निकट आली, तर त्यांतील नऊंना लागण होऊ शकते. म्हणून ताप-पुरळाच्या मुलाला पालक येईपर्यंत मुख्याध्यापकांच्या बंद खोलीत किंवा पोषण आहाराच्या खोलीत बसवणे सोयीचे वाटले तरी चुकीचे आहे. त्याला व्हरांड्यात किंवा झाडाखाली, नाका-तोंडावर मास्क किंवा रुमाल लावून, लस पूर्ण असलेल्या मोठ्या माणसाच्या नजरेखाली बसवावे. वर्ग काही काळ बाहेर घ्यावा आणि दारे-खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवाव्यात. कांजिण्याही हवेतून पसरतात, पण त्यांत फोडांतील पाण्याचा स्पर्शही लागण देतो. तेव्हा एकाच बसकरपट्टीवर दाटीने बसणे, एकमेकांचा रुमाल वापरणे हे थांबवावे आणि हात साबणाने धुवावेत.

एका गावाच्या शिक्षिकांनी सांगितले, की जानेवारीत पालकांनी ग्रामपंचायतीकडे धूरफवारणीची मागणी केली होती. धूरफवारणी डासांसाठी असते. गोवर किंवा कांजिण्यांवर तिचा काहीही उपयोग नाही, आणि ती करून झाली की काम झाले असे वाटते, हा तिचा खरा तोटा.

मग दिवसांचा हिशोब. गोवराचे मूल पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून ते पुरळानंतर चार दिवसांपर्यंत आजार पसरवते. पुरळ दिसलेला दिवस शून्य धरायचा, त्यानंतरचे चार दिवस घरी, आणि पाचव्या दिवशी मूल बरे असेल तर शाळा. कांजिण्यांत दिवस मोजून भागत नाही. सर्व फोडांवर खपली धरलेली असली पाहिजे, त्याला साधारण पाच ते सात दिवस लागतात, आणि परत घेताना केसांतील फोड पालकांना पाहायला सांगावेत. खपल्या पडून डाग जाईपर्यंत थांबण्याची मात्र गरज नाही.

सर्वांत लांबलेली चर्चा एका ज्येष्ठ गुरुजींच्या प्रश्नावरून झाली. ते म्हणाले, "ताई, गोवर बाहेर पडू द्यावा लागतो. औषध दिलं की तो आत दबतो, असं आमच्याकडे मानतात. पालक ऐकणार कसे?" हा प्रश्न टाळून पुढे जाणे सोपे होते, पण पालकांशी रोज बोलायचे असते ते शिक्षकांनाच. मी सांगितले, की पुरळ येणे-जाणे कोणत्याही औषधाने अडत नाही. गोवरात जीव जातो तो बहुधा न्यूमोनियाने किंवा जुलाबांनी, आणि ते पुरळाच्या आगेमागे सुरू होतात. कुटुंबाला देवाचे करायचे असेल, कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायचा असेल, तर त्याला आपण विरोध करत बसू नये. मूल आरोग्य केंद्रात आणा आणि पाणी, जेवण बंद करू नका, इतकाच आग्रह धरावा. धाप लागणे, मूल उठवूनही नीट न उठणे, काहीच न पिणे, झटका येणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच क्षणी दवाखाना. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये, कांजिण्यांत तर नाहीच.

व्याख्यान संपल्यावर एक शिक्षिका बाजूला घेऊन बोलल्या. त्या गरोदर होत्या आणि लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या की नाही, हे त्यांना आठवत नव्हते. पूर्वी कांजिण्या होऊन गेल्या असतील तर बहुधा संरक्षण असते. माहीत नसेल, तर वर्गात रुग्ण निघाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, पुरळ येण्याची वाट पाहू नये, कारण रक्ततपासणी व प्रतिबंधक उपचारांचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांत असतो. लस गरोदरपणात देता येत नाही. हा मुद्दा मी पुढच्या वेळी सर्वांसमोर बोलण्याच्या भागात घेतला आहे. ज्या मुलांचे कर्करोगाचे किंवा दीर्घकाळ स्टेरॉइडचे उपचार चालू आहेत त्यांच्या पालकांनाही असेच त्याच दिवशी कळवावे लागते. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही. खासगीत एका मात्रेला सुमारे दोन हजार रुपये लागतात, त्यामुळे आमच्या भागात ती घेतलेली मुले क्वचितच आढळतात. गोवर-रुबेलाची लस मात्र मोफत आहे, पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत.

यानंतर तीन आठवड्यांच्या आतच फोन आला. १० मार्च, सोमवार, परिपाठाची वेळ. पहिलीतील एका मुलीचे डोळे लाल आहेत, अंग तापले आहे आणि कानामागे व कपाळावर खरखरीत पुरळ आहे, असे वर्गशिक्षिकेने सांगितले. तिने मुलीला व्हरांड्यात बसवले होते आणि वर्ग झाडाखाली नेला होता. मुलगी आजीजवळ राहत होती, कारण आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर होते. आजीने माता-बाल संरक्षण कार्ड पत्र्याच्या पेटीतून काढून दिले. त्यावर पहिल्या मात्रेची तारीख होती आणि दुसरीचा रकाना कोरा. डिसेंबर २०१८ चा जन्म, म्हणजे दुसऱ्या मात्रेचे वय सुरू झाले एप्रिल २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीत, आणि ऑक्टोबरमध्ये कुटुंब तोडणीला निघून गेले. आमच्याकडे असे कोरे रकाने आणखी सापडतील, हे त्या कार्डावरून कळले.

वैद्यकीय अधिकारी मॅडमनी मुलीला तपासले, संशयित रुग्णाचा नमुना अर्ज भरला आणि रक्ताचा नमुना तालुक्यामार्फत प्रयोगशाळेकडे गेला. अहवालाची वाट न पाहता जीवनसत्त्व 'अ' ची २ लाख युनिटची मात्रा, म्हणजे २ मिलिलिटर औषध, त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी देण्यात आली. गोवरात डोळ्यांना इजा होऊन अंधत्व येण्याचा धोका त्यामुळे कमी होतो. आशाताईंनी घरोघरी ताप-पुरळाची विचारणा केली आणि मुलांची कार्डे पाहिली. पाच वर्षांपर्यंतच्या ज्या मुलांची मात्रा राहिली होती त्यांना नियमित सत्रात लस दिली गेली, त्यावरील वयाच्या मुलांचा निर्णय तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी घेतला. रुग्णाशी संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो, म्हणून ही धावपळ पहिल्याच दिवशी करायची असते.

शिक्षिकेने वर्गातील दिनदर्शिकेवर खुणा केल्या. पुरळ १० तारखेला, म्हणजे १४ पर्यंत मुलगी घरी. १४ ला धूलिवंदन होते, आणि मुले रंग खेळायला तिला बोलावणार हे ओळखून शिक्षिकेने आजीला आधीच समजावले होते. मुलगी ६ तारखेपासून संसर्ग पसरवत होती आणि १० ला शेवटची वर्गात होती, तेव्हा इतर मुलांवर लक्ष ३१ मार्चपर्यंत, म्हणजे गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचे होते. गोवरात संसर्गापासून ताप येण्यास साधारण दहा दिवस आणि पुरळ येण्यास चौदा दिवस लागतात, म्हणून १६ ते २४ हे दिवस तिने लाल शाईने घेरले.

१८ मार्चला तिच्याच शेजारी बसणारा मुलगा ताप, खोकला आणि पाणावलेले डोळे घेऊन आला. अंगावर पुरळ नव्हते. एरवी हा सर्दी-खोकला समजून वर्गात बसला असता, पण दिनदर्शिका पाहून शिक्षिकेने त्याला परिपाठातूनच घरी पाठवले आणि मला कळवले. पुरळ २२ तारखेला आले. दरम्यान पहिल्या मुलीचा अहवाल गोवरासाठी सकारात्मक आला होता. मुलाला न्यूमोनिया झाला नाही, आणि त्या वर्गात ३१ पर्यंत तिसरा रुग्ण निघाला नाही. अर्थात त्याचे श्रेय किती लसीला, किती झाडाखालच्या वर्गाला आणि किती योगायोगाला, हे सांगता येत नाही. पहिल्या रुग्णाला पुरळ येण्याआधीच्या दिवसांत कोणताही शिक्षक ओळखू शकत नाही, आणि त्या दिवसांत लागण झालीच तर तो त्याचा दोष नसतो, हे मी त्या शिक्षिकेला मुद्दाम सांगितले, कारण गावात बोट तिच्याकडे दाखवले जात होते.

मुलगी १७ तारखेला शाळेत परतली, तेव्हा मुख्याध्यापकांनी डॉक्टरांचा दाखला मागितला. दाखल्यासाठी आजीला मजुरी बुडवून आरोग्य केंद्रात जावे लागणार होते. आता आम्ही केंद्रप्रमुखांच्या संमतीने असे ठरवले आहे, की पुरळाची तारीख मी किंवा आशाताईने शाळेला कळवलेली असेल, तर दिवस पूर्ण झाल्यावर वेगळा दाखला मागायचा नाही, आणि हजेरीपत्रकात त्या दिवसांपुढे आजाराची नोंद करायची. शाळांना दिलेल्या पानाच्या मागच्या बाजूला आता दोन कोरे रकाने छापले आहेत. पहिल्यात पुरळ दिसल्याची तारीख, दुसऱ्यात लक्ष ठेवण्याचा शेवटचा दिवस, आणि खाली उपकेंद्राचा फोन क्रमांक हाताने लिहिण्यासाठी एक ओळ.